वाचलेल्या इंग्रजीची कानाने उलटतपासणी

बाबासाहेबांच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथाचे नाव मी वीसेक वर्षे जाहीर सभांतून घेत आलो. दरवेळी ते अक्षरागणिक 'ॲ-नि-हि-ले-शन' असेच घेतले. काही वर्षांपूर्वी एका ध्वनिमुद्रणात तो शब्द ऐकला आणि क्षणभर कळेचना की वाचक कोणत्या ग्रंथाबद्दल बोलतो आहे. त्याचा उच्चार साधारण 'अ-नाय-अ-ले-शन' असा होता. त्यात 'एच' हे अक्षर ऐकूच येत नाही, 'नि'चा 'नाय' होतो आणि सगळा जोर 'ले'वर पडतो. शब्दकोश काढून पाहिला. वाचकाचेच बरोबर होते. ज्या ग्रंथावर मी व्याख्याने दिली, त्याचे नाव मी कधी कुणाच्या तोंडून नीट ऐकलेच नव्हते. तसे पाहिले तर ते भाषणही कुणी ऐकले नाही. 1936 साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले ते भाषण मंडळाने अधिवेशनच रद्द केल्यामुळे बाबासाहेबांना स्वखर्चाने छापून काढावे लागले. ते पहिल्यापासूनच छापील भाषण राहिले.

आपल्यापैकी बहुतेकांचे इंग्रजी असेच छापील आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीपासून इंग्रजी सुरू झाले (अलीकडे ते पहिलीपासून आहे). गुरुजींनी धडा मराठीत समजावून सांगितला, आपण गाईडमधून उत्तरे पाठ केली, आणि पुढे एल.एल.बी.ला निवाडे डोळ्यांनी वाचले. शब्द डोळ्यांना ओळखीचे झाले, पण कानांची त्यांच्याशी कधी गाठ पडली नाही. म्हणून हायकोर्टात पहिल्यांदा उभा राहिलेला आपला मुलगा न्यायमूर्तींचा प्रश्न ऐकतो आणि 'पार्डन, माय लॉर्ड' म्हणतो. तोच प्रश्न कागदावर लिहून दिला तर त्याचे उत्तर तो खाडकन देईल. कायदा त्याला येतो, कान मात्र तयार नसतो.

यावर मला सापडलेला एक साधा आणि जवळजवळ फुकट उपाय म्हणजे ऑडिओबुक आणि त्याच पुस्तकाचा छापील मजकूर, दोन्ही समोर ठेवून शिकणे. 'ऑडिओबुक ऐका' हा सल्ला हल्ली कुणीही देतो. पण नुसते पुस्तक लावून बसमध्ये कानात घातले की इंग्रजी सुधारते, हा गैरसमज आहे. एकच साधन तीन वेगळी कामे करते आणि कोणते काम होणार हे कान, डोळे आणि तोंड यांना कोणत्या क्रमाने कामाला लावले यावर ठरते. हा क्रम नीट न सांगितल्यामुळे माणसे महिनाभर ऐकतात आणि मग कंटाळून सोडून देतात.

मी जे पुस्तक वापरतो ते फ्रेडरिक डग्लस यांचे 1845 सालचे आत्मकथन, 'नॅरेटिव्ह ऑफ द लाइफ ऑफ फ्रेडरिक डग्लस'. डग्लस हे अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले, 1838 साली पळून मुक्त झाले आणि पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीचे सर्वांत मोठे वक्ते झाले. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, त्यांच्या लढ्यातला हा माणूस. पण मी हे पुस्तक निवडले ते केवळ नाते आहे म्हणून नव्हे. त्याचे प्रताधिकार कधीच संपले आहेत. पूर्ण मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या gutenberg.org या संकेतस्थळावर मोफत आहे आणि पूर्ण वाचन लिब्रिव्हॉक्सच्या librivox.org वर मोफत आहे. लिब्रिव्हॉक्स ही 2005 साली सुरू झालेली स्वयंसेवकांची खटपट आहे. जगभरची माणसे प्रताधिकारमुक्त पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतात आणि ती कुणालाही उतरवून घेता येतात. पुस्तक साधारण चार तासांचे आहे. कमी आकाराच्या, म्हणजे 64 केबीपीएसच्या फाइली घेतल्या तर एका तासाला तीसेक एमबी लागतात. एकदा उतरवून घेतले की पुन्हा नेट लागत नाही, हे खेड्यातल्या विद्यार्थ्याला महत्त्वाचे.

आणखी एक कारण आहे. या पुस्तकाचे सातवे प्रकरण वाचायला आणि लिहायला शिकण्यावरच आहे. मालकिणीने सुरुवातीला मुळाक्षरे शिकवली, मग नवऱ्याच्या सांगण्यावरून बंद केली. पुढे लहानग्या डग्लसने बाल्टिमोरच्या रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांनाच मास्तर केले. निरोप्याचे काम करायला जाताना तो खिशात पुस्तक आणि घरची भाकर ठेवी. भाकर उपाशी पोरांना द्यायची आणि बदल्यात धडा घ्यायचा. त्या पोरांची नावे त्यांनी मुद्दाम दिलेली नाहीत, कारण गुलामाला शिकवले हा त्या ख्रिस्ती देशात गुन्ह्यासारखाच मानला जाई. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या हाती 'द कोलंबियन ऑरेटर' नावाचे पुस्तक लागले. कॅलेब बिंगहॅम यांनी 1797 साली काढलेला हा भाषणांचा आणि संवादांचा संग्रह शाळेतल्या मुलांनी मोठ्याने म्हणण्यासाठी केलेला होता. त्या काळचा सर्वांत मोठा वक्ता घडला तो मोठ्याने वाचण्याच्या पुस्तकातून, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष काम. आमच्या विहारातल्या अभ्यासवर्गात येणारी, विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आहे. तालुक्याच्या मराठी शाळेत शिकलेली, अभ्यासात हुशार, पण मूट कोर्टात तोंड उघडायला घाबरणारी. तिच्याबरोबर सातवे प्रकरण सहा आठवडे केले. तेच इथे सांगतो.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. ती म्हणाली, "सर, ऐकते ते आणि वाचते ते जुळतच नाही." पाहिले तर तिने उतरवलेला मजकूर डग्लस यांच्याच दुसऱ्या आत्मचरित्राचा होता. त्यांनी तीन लिहिली, 1845, 1855 आणि 1881 साली. प्रसंग बरेचसे तेच, वाक्ये वेगळी. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त आवृत्त्या कधी संक्षिप्त असतात, तेव्हाही हेच होते. म्हणून सुरुवातीला मधलेच कोणतेही एक वाक्य काढून शब्दाला शब्द जुळतो का ते पाहावे. दुसरी गोष्ट अशी की या पुस्तकाच्या आरंभी विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स यांचे पत्र आहे. गॅरिसन यांची वाक्ये लांबलचक आणि अलंकारिक आहेत. नवखा वाचक तिथेच दमतो आणि समजतो की पुस्तकच अवघड आहे. डग्लस स्वतः सरळ लिहितात. प्रस्तावना खुशाल सोडावी आणि शेवटी वाचावी.

एका वेळी दोन मिनिटांचा तुकडा घ्यायचा. ऑडिओबुकचा वाचक साधारणपणे मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द वाचतो, म्हणजे दोन मिनिटांत तीनशे शब्द होतात. हे फार थोडे वाटेल, पण त्याहून मोठा तुकडा घेतला तर पुढचे काम उरकून टाकण्याकडे कल होतो.

पहिल्यांदा पुस्तक बंद ठेवून ऐकायचे, दोनदा. इथे बहुतेकजण फसतात. मजकूर समोर असला की डोळे पुढे धावतात आणि कान आराम करतो. ऐकल्याचा भास होतो, पण अर्थ डोळ्यांनी आणलेला असतो. कान तयार करायचा असेल तर त्याला आधी एकट्याला साक्ष देऊ द्यावी. ऐकून झाल्यावर काय कळले ते मराठीत चार वाक्यांत वहीत लिहायचे. आमच्या मुलीने पहिल्या दिवशी लिहिले, 'तो सात वर्षे कुठल्या तरी कुटुंबात राहिला आणि वाचायला शिकला. मालकीण काहीतरी बदलली.' बाकी सगळे निसटले होते.

मग मजकूर उघडून तेच पुन्हा ऐकायचे आणि हातात पेन्सिल ठेवायची. ज्या शब्दाचा अर्थ माहीत होता पण कानाने पकडला नाही, त्याखाली रेघ मारायची. तिच्या पानावर चाळीसेक रेघा पडल्या. त्यांतले पूर्णपणे अनोळखी शब्द फक्त पाच-सहा होते, 'स्ट्रॅटजम' म्हणजे युक्ती, यांसारखे. बाकीचे सगळे 'हॅड', 'ऑफ', 'टू', 'वॉज', 'दॅट' असले लहान आणि रोजचे. हे पाहून ती चकित झाली. मला अपेक्षितच होते.

याचे कारण दोन भाषांच्या चालीत आहे. मराठी बोलताना आपण प्रत्येक अक्षराला थोड्याफार फरकाने सारखाच वेळ देतो, जात्यात दाणे सोडावेत तसे. इंग्रजीत काही अक्षरांवर ठोका पडतो आणि दोन ठोक्यांमधली अक्षरे घाईने, दबक्या आवाजात उरकली जातात. 'टू'चा नुसता 'ट' होतो, 'ऑफ'चा 'अव्', 'हॅड'चा 'अड्' किंवा केवळ 'ड'. आपण शाळेत हे शब्द एकेक, पूर्ण उच्चार करून शिकलो. तसे ते वाक्यात क्वचितच येतात. म्हणून आपल्याला वाटते की इंग्रज फार भराभर बोलतो. खरे म्हणजे तो महत्त्वाचे शब्द पुरेसे सावकाश बोलतो, मधले तेवढे गिळतो.

यावरून एक सूचना निघते. न कळले की मोबाइलमध्ये वेग कमी करून ऐकण्याचा मोह होतो. 0.75च्या खाली जाऊ नये. फार हळू केले की गिळलेले शब्द ताणले जातात, ठोका मोडतो आणि आपण जी चाल शिकायला बसलो तीच नाहीशी होते. त्यापेक्षा मूळ वेगातच ठेवावे आणि वाक्य संपले की थांबवावे. थांबण्याने काही बिघडत नाही.

उच्चाराचे काम यानंतर सुरू होते आणि त्यात दोन गोष्टींवर भर दिला की पुष्कळ साधते. पहिली गोष्ट भूतकाळाची क्रियापदे. सातव्या प्रकरणाच्या पहिल्याच परिच्छेदात 'सक्सीड', 'कम्पेल' आणि 'कमेन्स' या तीन क्रियापदांची भूतकाळी रूपे येतात. तिन्हींच्या शेवटी लिहायला तीच दोन अक्षरे, 'इ' आणि 'डी'. पण वाचक त्यांचे शेवट तीन तऱ्हांनी करतो: 'सक्सीडिड', 'कम्पेल्ड' आणि 'कमेन्स्ट'. धातूच्या शेवटी 'ट' किंवा 'ड' असेल तर जास्तीचे एक अक्षर लागून 'इड' होते. शेवटी क, प, स, श, च, फ यांसारखा ध्वनी असेल तर नुसता 'ट'. बाकी सगळीकडे नुसता 'ड'. मी पदवीपर्यंत 'लुक्ड' आणि 'आस्क्ड' म्हणत होतो, म्हणताना जीभ अडखळत होती, आणि वाटे की आपली जीभच जड. जीभ ठीक होती. जिथे 'ट' हवा तिथे मी 'ड' कोंबत होतो. हे एकदा कळले की तो परिच्छेद ऐकताना प्रत्येक क्रियापदाचा शेवट हेरायचा आणि त्यावर 1, 2, 3 असा आकडा टाकायचा. दोन दिवसांत कान आपोआप ओळखू लागतो.

दुसरी गोष्ट ठोका. याच प्रकरणात 'अबॉलिशन' या शब्दाची मोठी हृद्य हकिकत आहे. डग्लस हा शब्द सतत ऐकत होते. गुलाम पळाला किंवा कुणी मालकाला मारले की लोक म्हणत, हे अबॉलिशनचे फळ. अर्थ कळेना म्हणून शब्दकोश पाहिला, तर तिथे एवढेच कळले की हे 'अबॉलिश' करण्याच्या क्रियेचे नाम. पण काय अबॉलिश करायचे? कुणाला विचारायची सोय नव्हती. शेवटी एका वर्तमानपत्रात गुलामगिरी बंद करण्यासाठी आलेल्या अर्जांची बातमी वाचली तेव्हा उलगडा झाला. आमच्या मुलीने हा भाग ऐकला आणि म्हणाली, "सर, हे दोन शब्द एकाच घरातले वाटतच नाहीत." तिचे अगदी बरोबर होते. क्रियापदात ठोका 'बॉ'वर आहे, 'अ-बॉ-लिश'. नामात ठोका पुढे सरकून 'लि'वर जातो, पहिले अक्षर 'ॲ' होते आणि तो भरदार 'बॉ' दबून केवळ 'ब' उरतो, 'ॲ-ब-लि-शन'. आपण मराठीत लिहितो तो 'अबॉलिशन' म्हणून इंग्रजी कानाला खटकतो. 'शन'ने संपणाऱ्या नामात ठोका 'शन'च्या लगेच आधीच्या अक्षरावर येतो. ॲनिहिलेशन, इमॅन्सिपेशन, कॉन्स्टिट्यूशन, रिझर्व्हेशन, सगळ्यांना हा नियम लागू आहे. एवढ्या एका नियमाने आपल्या भाषणातले निम्मे जड शब्द सुधारतात.

वकिलांसाठी आणखी एक सांगतो. 'ऑब्जेक्ट' या शब्दाचा ठोका पहिल्या अक्षरावर दिला तर अर्थ वस्तू किंवा हेतू. 'आय ऑब्जेक्ट' म्हणताना ठोका दुसऱ्या अक्षरावर आणि पहिले अक्षर दबलेले, 'अब्-जेक्ट'. 'रेकॉर्ड'चेही तसेच, नाम आणि क्रियापद यांचे ठोके वेगळे. 'सबपोएना' असा छापून येणारा शब्द 'स-पी-ना' असा आहे, 'इंडिक्ट' असा दिसणारा 'इन्डाइट', आणि 'डेट' व 'रिसीट' यांतली 'बी' आणि 'पी' ही अक्षरे केवळ बसायला आलेली आहेत. हे शब्द डग्लसच्या पुस्तकात मिळतीलच असे नाही. ते वेगळे शोधून बोलत्या शब्दकोशात ऐकून घ्यावेत.

ठोक्याची खूण करताना एक पथ्य. इंग्रजी ओळीवर देवनागरीत उच्चार लिहून ठेवू नका. मी इथे छापण्यापुरते तसे केले, कारण वर्तमानपत्राला आवाज नाही. पण आपल्या वह्यांमधली ती सवयच रोगाचे मूळ आहे. देवनागरीत लिहिले की प्रत्येक अक्षर पुन्हा सारख्या वजनाचे होते आणि दबका स्वर दाखवायला आपल्याकडे चिन्ह नाही. ज्या अक्षरावर ठोका त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने फक्त एक टिंब द्यावे.

टिंबे देऊन झाली की ध्वनिमुद्रण लावून वाचकाच्या किंचित मागे राहून मोठ्याने वाचायचे, बुद्धवंदनेला नवा माणूस इतरांच्या मागोमाग गाथा म्हणतो तसे. आपण पाली गाथा कुठे व्याकरणाने शिकलो? मागोमाग म्हणतच त्यांची चाल बसली. तीन वेळा असे म्हटले की ध्वनिमुद्रण बंद करून एकट्याने वाचायचे आणि मोबाइलवर मुद्रित करायचे. मग दोन्ही एकापाठोपाठ ऐकायचे. सोबत म्हणताना आपल्याला आपली चूक कधीच ऐकू येत नाही, कारण वाचकाचा आवाज ती झाकतो. सुधारणा झाली की नाही हे केवळ या एकट्याच्या मुद्रणातूनच कळते. स्वतःचा आवाज ऐकायला लाज वाटते, हे मान्य. दोन-चार दिवसांत ती जाते.

वाचनाच्या वेगाचा भाग राहिला. इंग्रजी ही ज्यांची भाषा आहे अशी प्रौढ माणसे मनातल्या मनात मिनिटाला सुमारे 240 शब्द वाचतात. मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 साली 190 अभ्यास एकत्र करून काढलेला हा आकडा आहे. आमच्या मुलीचा वेग मोजला तो 85 भरला. मोजायला काही लागत नाही: तीनशे शब्दांचा तुकडा, घड्याळ आणि भागाकार. इतका कमी वेग का? ती प्रत्येक वाक्य मनात मराठीत करत होती आणि ओळीच्या शेवटी पोचली की पुन्हा सुरुवातीला जात होती. ही मागे जाण्याची सवय इच्छाशक्तीने सुटत नाही. सोबत आवाज चालू असला की मात्र मागे जाताच येत नाही, भाषांतराला वेळच उरत नाही. आवाज आपल्याला हाताला धरून दीडशेच्या वेगाने ओढत नेतो. शिवाय कोणते शब्द एका श्वासात घ्यायचे हे वाचकाच्या विसाव्यांवरून कळते, त्यामुळे डोळाही एकेक शब्द सोडून शब्दांचा घोस उचलू लागतो.

यासाठी नवा तुकडा घेऊ नये. आधी ऐकून, म्हणून झालेलाच तुकडा चौथ्या-पाचव्या दिवशी मूळ वेगात, नंतर 1.1 आणि मग 1.25 वर, डोळ्यांनी सोबत वाचावा. त्यानंतर आवाजाशिवाय वाचून वेळ मोजावी. अमेरिकेत कॅरोल चॉम्स्की यांनी 1976 साली वाचनात मागे पडलेल्या पाच शाळकरी मुलांना असेच एकेक मुद्रित पुस्तक, ते अस्खलित वाचता येईपर्यंत, पुन्हा पुन्हा ऐकत वाचायला लावले होते. त्या मुलांना अक्षरे येत होती, वाचनाला ओघ नव्हता. तो पुनरावृत्तीने आला. नवे पुस्तक भराभर संपवण्यापेक्षा जुना तुकडा घोळवणे अधिक फळते, हे आमच्याही अनुभवाला आले.

पण वेगाचा आकडा फसवा असतो. 1.25 वर डोळे ओळींवरून घसरत जातात आणि हाती काही लागत नाही, असेही होते. त्याची परीक्षा सोपी आहे. तुकडा संपला की पुस्तक मिटून मराठीत पाच वाक्यांत सांगायचे. तिसऱ्या वाक्याला अडखळला तर वेग एक पायरी खाली आणायचा. आमच्या मुलीने एकदा मोठ्या उत्साहाने 160 चा वेग सांगितला आणि जहाजाच्या गोदीतला प्रसंग विचारल्यावर गप्प झाली. तो प्रसंग असा: डर्गिन आणि बेली यांच्या गोदीत सुतार लाकडाच्या ओंडक्यांवर 'एल' आणि 'एस' अशी अक्षरे लिहीत, जहाजाची डावी आणि उजवी बाजू दाखवायला, ती अक्षरे पाहून डग्लस लिहायला शिकले. दुसऱ्या दिवशी तिने तोच भाग 1.1 वर केला आणि गोदी डोळ्यांसमोर उभी केली. सहा आठवड्यांनी, तिने कधीच न ऐकलेल्या आठव्या प्रकरणाचा तुकडा देऊन वेग मोजला. तो 120च्या आसपास होता. ऐकलेल्या तुकड्यावरचा वेग याहून बराच जास्त दिसतो, पण तो खरा धरू नये.

हे सगळे कुणाला लागू नाही तेही सांगायला हवे. शंभर शब्दांत तीन-चारांहून जास्त शब्द अनोळखी असतील तर ते पुस्तक अजून आपले नाही; कानाला पकडायला काही उरत नाही. आठवी-नववीच्या मुलांना डग्लस देऊ नका. त्यांच्यासाठी लिब्रिव्हॉक्सवर इसापच्या गोष्टी आहेत, दोन-दोन मिनिटांच्या. ज्यांचे इंग्रजी वाचन आधीच अस्खलित आहे, त्यांना सोबत आवाज लावून अर्थ जास्त कळतो असेही नाही. 2016 साली अमेरिकेत प्रौढांवर झालेल्या एका अभ्यासात ऐकणारे, वाचणारे आणि दोन्ही करणारे यांच्या आकलनात फरक आढळला नाही. लिब्रिव्हॉक्सचे वाचक स्वयंसेवक आहेत. कुणी उत्तम वाचतो, कुणी सुमार, आणि त्यांचेही उच्चार कधी चुकतात. एकाच पुस्तकाची दोन-तीन वाचने असतील तर प्रत्येकाची दोन मिनिटे ऐकून एकच निवडावे आणि शेवटपर्यंत तोच आवाज ठेवावा.

आणखी एक आक्षेप आमच्याच कार्यकर्त्यांकडून येतो. 'ण' आणि 'न' यांवरून ज्यांनी आमच्या आयाबहिणींना हसले, त्यांच्याच शुद्धतेचे हे इंग्रजी रूप नाही काय? आक्षेपात तथ्य आहे, म्हणून भेद नीट करावा लागतो. कॅनडात मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी 1995 साली दाखवले की परक्या वळणाचे इंग्रजीसुद्धा ऐकणाऱ्याला पूर्ण समजू शकते. वळण ही एक गोष्ट, समजणे ही दुसरी. आपला 'ट' मराठी राहिला, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकच झाले, तरी न्यायमूर्तींना कळते. ठोका चुकला तर कळत नाही. त्यामुळे मी विद्यार्थ्यांना 'ट' बदलायला कधी सांगत नाही, ठोका मात्र सोडू देत नाही. डग्लसचे वाचन अमेरिकन वळणाचे असेल तर त्या माणसाची नक्कलही करू नये.

आता ती मुलगी दुसऱ्या साहित्याकडे वळली आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 पासून घटनापीठापुढच्या सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण सुरू केले आणि 2023 पासून अशा काही सुनावण्यांची शब्दशः नोंद संकेतस्थळावर ठेवली. भारतीय वकिलांचे इंग्रजी, खंडपीठाचे मध्येच तोडून विचारलेले प्रश्न आणि समोर छापील मजकूर. मात्र या नोंदीत चुका राहतात, निवाड्यांची नावे तर हमखास बिघडतात. म्हणून इथे काम उलटे होते. कानाने ऐकायचे आणि पेन्सिलीने मजकूर दुरुस्त करायचा. गेल्या रविवारी तिने एका पानावर अकरा चुका काढून आणल्या. त्यांतल्या नऊ खऱ्या होत्या. उरलेल्या दोन ठिकाणी मजकूर बरोबर होता आणि तिचा कान चुकला होता. ती दोन वाक्ये तिने आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत.